थकबाकी कळवा, निकाल अडवू नका

नो ड्यूजचा फॉर्म एका पानाचा असतो, पण त्यावर अख्खी संस्था मावलेली असते. विभागाच्या चार-पाच प्रयोगशाळा, वर्कशॉप, विभागीय ग्रंथालय, मध्यवर्ती ग्रंथालय, संगणक केंद्र, जिमखाना, एनएसएस, प्लेसमेंट सेल, वसतिगृह, मेस, परीक्षा विभाग, विद्यार्थी विभाग, लेखा विभाग आणि अगदी तळाशी प्राचार्य. प्रत्येकाची एक चौकट, प्रत्येक चौकटीत सही आणि शिक्का. शेवटच्या वर्षाच्या मुलाने हा कागद घेऊन दारोदार फिरायचं आणि आपल्याकडे कुणाचं काही देणं नाही हे सिद्ध करायचं. अनेक स्वायत्त महाविद्यालयांत आणि अभिमत विद्यापीठांत हा कागद पूर्ण भरून आल्याशिवाय शेवटच्या सत्राचा निकाल मिळत नाही. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे गुण दिसतात आणि एखाद्याच्या बैठक क्रमांकासमोर निकाल राखून ठेवल्याची नोंद येते.

थकबाकी वसूल व्हायला हवी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मुलं संस्थेत असतानाच, म्हणजे निकालाच्या आधी ती निपटायला हवी, हेही मला मान्य आहे. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. देणं आहे की नाही हे सांगण्याची जबाबदारी ज्याच्याकडे हिशेब आहे त्याची असायला हवी. आपण ती ज्याच्याकडे हिशेब नाही त्याच्या गळ्यात घातली आहे. आणि वसुलीसाठी जो दोर आवळायचा तो निकालाचा असू नये. महाविद्यालयाने परीक्षेच्या आधी ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची थकबाकी लेखी कळवावी. ज्या विभागाने त्या तारखेपर्यंत काही कळवलं नाही, त्याचं देणं शून्य धरावं. आणि निकाल त्याच्या वेळेला लागू द्यावा. एवढीच मागणी आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि या फॉर्मवर दरवर्षी सह्या करतो. त्यामुळे या सह्या कशा होतात हे मला ठाऊक आहे. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा संपली की मुलांचा घोळका दारात उभा राहतो. कुणीतरी एकजण सगळ्यांचे फॉर्म गोळा करून टेबलावर गठ्ठा ठेवतो. मी किंवा माझा सहकारी वरून खाली सह्या करत जातो. कुणाचं नावही धड वाचलं जात नाही. प्रयोगशाळेचे सहायक तर जास्त मोकळेपणाने विचारतात, ‘‘सर, ह्या पोरांनी चौथ्या वर्षी आपल्या लॅबमध्ये पाऊल तरी टाकलंय का? मी कशाची सही करू?’’ त्यांचं बरोबर असतं. दुसऱ्या वर्षी फुटलेल्या बीकरची नोंद त्यांच्याकडे असेलच असं नाही. असली तरी ती बॅचच्या नावावर असते, मुलाच्या नावावर नाही. जडवस्तू नोंदवहीत प्रयोगशाळेत काय काय आहे ते असतं, ते कुणी मोडलं हे नसतं.

म्हणजे या चौकटींपैकी बहुतेक चौकटींमागे तपासणी होतच नाही. ज्या दोन-तीन ठिकाणी खरी तपासणी होते, तिथे ती होण्याचं कारण सही नाही, नोंदवही आहे. ग्रंथालयात पुस्तक कुणाच्या नावावर आहे हे एका क्षणात दिसतं. कोहा किंवा सोलसारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असो की जुनं कार्डांचं खोकं, प्रत्येक प्रतीचा हिशेब तिथे असतो. लेखा विभागात प्रत्येक मुलाचं खातं असतं. वसतिगृहात खोलीचा ताबा देताना लिहून घेतलेली यादी असते, निदान असायला हवी. बाकी ठिकाणी फक्त माणूस असतो आणि त्याचा शिक्का असतो. मग जिथे विद्यार्थ्याच्या नावाने नोंदच होत नाही, तिथे सहीची चौकट कशाला? जिमखान्याने बॅट दिली असेल तर तिची नोंद ठेवावी, नसेल ठेवली तर वर्षाअखेरीस चारशे मुलांना शिक्क्यासाठी रांगेत उभं करू नये. हा एक निकष लावला तरी फॉर्म अर्ध्यावर येईल.

या चौकटी वाढल्या कशा, हेही सांगण्यासारखं आहे. कधीतरी एका विभागाचं काहीतरी हरवतं, बैठकीत विषय निघतो, ‘पुढच्या वर्षीपासून आमचीही सही घ्या’ असं ठरतं. चौकट वाढते. काढायचा ठराव मात्र कधी होत नाही, कारण काढल्यावर काही हरवलं तर जबाब कुणी द्यायचा? प्लेसमेंट सेलची चौकट तर निव्वळ माहितीसाठी आलेली असते: मुलाने नोकरीचं पत्र जमा केलं का, माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म भरला का. यात देणं कुठलंच नाही, पण अडवणूक पूर्ण आहे.

ग्रंथपालांचं म्हणणं मात्र ऐकायलाच हवं, कारण या सगळ्यात खरं नुकसान सोसणारी तीच माणसं असतात. माझ्या परिचयाच्या एक ग्रंथपाल बाई दर वर्षी मला सुनावतात. ‘‘सर, तुमचं काय जातंय? फॉर्म बंद करा म्हणायला सोपं आहे. पोरगं एकदा गेटबाहेर गेलं की फोनसुद्धा उचलत नाही. ऑडिटवाले मात्र मला विचारतात.’’ यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पुस्तक गहाळ झालं की ते नोंदवहीतून निर्लेखित करायला समितीची मंजुरी लागते, पडताळणीचा अहवाल लागतो, आणि काही ठिकाणी ती रक्कम ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याकडून वसूल करायची भाषा होते. ज्याच्या पगारातून पुस्तकाचे पैसे कापले जाण्याची भीती आहे, तो निकालाचा दोर हातातून सोडणार नाही. त्याच्या जागी मी असतो तरी सोडला नसता.

पण ही भीती जितकी मोठी वाटते तितकी नियमांतही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये ग्रंथालयाच्या पडताळणीचा स्वतंत्र नियम आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजारांपर्यंत असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, आणि त्याहून जास्त असतील तर नमुना पडताळणी. आणि पुढे सरळ म्हटलं आहे की, वर्षभरात वाचायला किंवा घरी दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले तर ते वाजवी नुकसान मानावं, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. हजार रुपयांपेक्षा महाग ग्रंथांची आणि कितीही किमतीच्या दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र कराच, असंही त्यात आहे. हे नियम राज्यातल्या खासगी महाविद्यालयांवर आपोआप बंधनकारक होत नाहीत. पण ज्या सरकारने स्वतःच्या ग्रंथालयांसाठी ‘पुस्तकं वापरली की काही हरवणारच’ हे मान्य केलं, त्याच तत्त्वावर एखाद्या व्यवस्थापनाने आपल्या ग्रंथपालाला लेखी अभय द्यायला हरकत नाही. ते दिलं की त्या बाईंचा निम्मा विरोध मावळेल असा माझा अंदाज आहे. दर हजारी पाचाच्या आतलं नुकसान संस्थेने सोसावं. वाचनालय चालवण्याचा तो खर्चच आहे, जसा प्रयोगशाळेत ॲसिड संपतं.

आता एक उदाहरण नीट मांडून पाहू. मुलगा काल्पनिक आहे, पण त्याच्या वाट्याला आलेली एकही गोष्ट काल्पनिक नाही. प्रत्येक गोष्ट मी कुणा ना कुणाच्या बाबतीत पाहिली आहे.

समजा, किनवटकडचा एक मुलगा पुण्यातल्या स्वायत्त महाविद्यालयात मेकॅनिकलला आहे, वसतिगृहात राहतो, शिष्यवृत्तीवर शिकतो. प्रवेशाच्या वेळी त्याने ग्रंथालयाची अनामत १,००० रुपये आणि वसतिगृहाची अनामत ५,००० रुपये भरली आहे. शेवटचा पेपर २० मे रोजी संपतो. नो ड्यूजचा फॉर्म त्याच्यानंतरच मिळतो, कारण आधी दिला तर मुलं अभ्यासाला पुस्तकं पुन्हा नेतात आणि सही वाया जाते. २२ तारखेपर्यंत खोली रिकामी करायची आहे. म्हणजे एवढ्या सगळ्या सह्यांसाठी दोन दिवस. विभागप्रमुख दुसऱ्या गावी पेपर तपासणीला गेले आहेत. वर्कशॉपचे सहायक अर्जित रजेवर आहेत. त्यांच्या जागी कोण सही करणार हे कुणालाच माहीत नाही. मेसचा ठेकेदार जानेवारीत बदलला. नवा म्हणतो जुन्या बिलाचं मला माहीत नाही, आणि मेसची सही नसेल तर रेक्टर सही करत नाहीत, रेक्टरची नसेल तर लेखा विभाग करत नाही. सगळ्या सह्या एका माळेत ओवलेल्या. एक मणी अडला की पुढचं सगळं अडलं. वास्तविक ग्रंथालयाच्या हिशेबाला मेसच्या हिशेबाशी काही देणंघेणं नाही. सगळ्याच ठिकाणी एकाच वेळी तपासणी होऊ शकते. पण कागद एकच असतो, तो एका वेळी एकाच टेबलावर असतो.

मुलगा अर्ध्या सह्या घेऊन गावी जातो. थर्मोडायनॅमिक्सचं एक पुस्तक त्याच्याकडून हरवलं आहे, किंमत ७५० रुपये. नियम असा की त्याच आवृत्तीची नवी प्रत आणून द्या, नाहीतर दुप्पट किंमत भरा. आणि लेखा विभागाच्या खात्यात त्याच्या नावापुढे ४२,००० रुपये बाकी दिसतात, कारण शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. जूनच्या अखेरीस निकाल लागतो. त्याचा राखून ठेवला जातो. १५ जुलैला नोकरीवर रुजू व्हायचं आहे आणि कंपनीला शेवटच्या सत्राची गुणपत्रिका किंवा पदवीचं प्रोव्हिजनल प्रमाणपत्र हवं आहे. किनवट ते पुणे हा रात्रभराचा प्रवास. एका सहीसाठी तो यायचा तर जाण्यायेण्याचे पैसे आणि कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम.

हिशेब करा. मुलाचं खरं देणं पुस्तकाच्या दुप्पट किमतीचं, म्हणजे १,५०० रुपये. महाविद्यालयाकडे त्याची अनामत ६,००० रुपये. खोलीत काही मोडतोड नसेल तर त्या दिवशी महाविद्यालयच त्याचं ४,५०० रुपये देणं लागतं. ज्याच्याकडून येणं आहे असं सांगून त्याचा निकाल अडवला, त्यालाच पैसे परत करायचे आहेत! अनामत घेतली कशासाठी होती? नेमकी याच्यासाठी. पुस्तक हरवलं, खुर्ची मोडली, किल्ली गेली तर त्यातून कापून घ्यावं आणि उरलेलं परत द्यावं, यासाठी. पण प्रत्यक्षात अनामत वेगळ्या फायलीत पडून राहते, ती परत मिळवायला वेगळा अर्ज, मूळ पावती, रद्द केलेला धनादेश. आणि मुदतीत अर्ज आला नाही तर रक्कम संस्थेच्या खात्यात जमा. चार वर्षांपूर्वीची पावती कुणाकडे असते? माझ्या पाहण्यातली निम्मी मुलं ही रक्कम सोडून देतात. एकीकडे अनामत हातात ठेवायची आणि दुसरीकडे त्याच देण्यासाठी निकालही अडवायचा, ही एका कर्जाला दोन तारणं झाली.

उरले ४२,०००. हा या प्रश्नातला सगळ्यात दुखरा भाग आहे, आणि फॉर्मवर ‘लेखा विभाग’ या एका चौकटीत तो लपून जातो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत शुल्काची रक्कम योजनेनुसार कधी संस्थेच्या तर कधी विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यावर येते. ती हप्त्याने येते, आणि वर्ष संपून गेल्यावर येणं यात कुणाला नवल वाटत नाही. अर्ज संस्थेच्या लॉगिनवर अडलेला असू शकतो, जिल्ह्याच्या कार्यालयात अडलेला असू शकतो, मुलाने मंजूर रक्कम रिडीम केलेली नसू शकते, खात्याची आधार जोडणी तुटलेली असू शकते, किंवा सगळं ठीक असून सरकारकडून निधीच सुटलेला नसू शकतो. यातल्या शेवटच्या कारणाला मुलगा काय करणार? हा व्यवहार सरकार आणि संस्था यांच्यातला आहे. संस्थांची अडचण खरी आहे, प्राध्यापकांचे पगार महिनोन्‌महिने थकतात ते काही वेळा याच्यामुळेच. मीही त्यातून गेलो आहे. पण सरकारवर दबाव आणता येत नाही म्हणून मुलाला ओलीस ठेवणं हा त्यावरचा मार्ग नव्हे. यात एक अपवाद मी करीन. रक्कम मुलाच्या खात्यावर आली आणि त्याने ती घरखर्चाला वापरली, तर ते त्याचंच देणं आहे, आणि लेखा विभागाने ते त्याला तारखेसह दाखवून द्यावं. म्हणूनच ‘बाकी ४२,०००’ एवढं लिहून भागत नाही. मुलाकडून येणं किती आणि शासनाकडून येणं किती, हे दोन रकाने वेगळे हवेत. जिथे ते वेगळे केले जातात तिथे विद्यार्थ्याच्या थकबाकीचा आकडा बघता बघता आक्रसतो.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत लावायचाच. ‘थकबाकी नसेल तर’ अशी अट त्यात घातलेली नाही. संलग्न महाविद्यालयांत निकाल विद्यापीठच लावतं, त्यामुळे तिथे अडवणूक छापील गुणपत्रिकेची होते: विद्यापीठाकडून आलेले गठ्ठे महाविद्यालयाच्या खिडकीपलीकडे पडून असतात आणि नो ड्यूज आणल्याशिवाय हातात पडत नाहीत. स्वायत्त महाविद्यालयात परीक्षा नियंत्रक त्याच आवारात बसतात, म्हणून दोर थेट निकालालाच बांधता येतो. स्वायत्तता मिळाली ती अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवण्यासाठी. तिचा पहिला उपयोग वसुलीसाठी व्हावा हे जरा विचित्रच.

दुसऱ्याची वस्तू देण्यापोटी अडवून ठेवण्याच्या हक्काला कायद्यात धारणाधिकार म्हणतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये असा सर्वसाधारण हक्क कुणाकुणाला आहे त्याची यादी आहे: बँका, अडते, बंदरातल्या धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयातले वकील आणि विमापत्राचे दलाल. बाकी कुणालाही तसा स्पष्ट करार असल्याशिवाय हा हक्क नाही. महाविद्यालय या यादीत नाही. आणि हा हक्क मालावर असतो. मद्रास उच्च न्यायालयाने शैक्षणिक प्रमाणपत्रं म्हणजे बाजारात विकता येणारा माल नव्हे, त्यांवर धारणाधिकार चालत नाही, असं याच कलमाच्या संदर्भात म्हटलेलं आहे. प्रवेशाच्या वेळी घेतलेली मूळ कागदपत्रं संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत बजावलं होतं. त्या अधिसूचनेचा विषय प्रवेश रद्द करणाऱ्या मुलांचा होता, निकालाचा नव्हता, हे खरं. पण विचार तोच. यावर ‘आमच्या माहितीपुस्तिकेत तशी अट छापली आहे, मुलाने सही केली आहे’ असा युक्तिवाद होतो. अठराव्या वर्षी प्रवेशाच्या गर्दीत केलेल्या त्या सहीवर किती भार टाकायचा हा एक प्रश्न. आणि गुण हे माझ्या मते मुळात संस्थेचे नसतातच. उत्तरपत्रिकेत मुलाने जे लिहिलं त्याचं ते मोजमाप आहे. एका पुस्तकासाठी ते झाकून ठेवण्याचा हक्क करारानेही मिळू नये.

शिवाय या दोराला आता तितका पीळही राहिलेला नाही. गुणपत्रिका आणि पदव्या डिजिलॉकरवर येऊ लागल्या आहेत आणि तिथून मिळालेला दस्तऐवज माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. ज्या मुलाची गुणपत्रिका तिथे चढली आहे, त्याला कागदाच्या गठ्ठ्याची फिकीर नसते. मग अडवणूक एक पायरी मागे सरकते: अपलोडच करायचं नाही. किंवा एक पायरी पुढे: हॉलतिकीटच द्यायचं नाही. हा दुसरा प्रकार मला निकाल अडवण्याहूनही वाईट वाटतो. निकाल उशिरा लागला तर मुलगा नोकरीला उशिरा लागेल. पेपर चुकला तर त्याचं सत्र जातं. ७५० रुपयांच्या पुस्तकाला ही शिक्षा कुठल्या हिशेबाने?

आता ऑनलाइन नो ड्यूजचं म्हणाल, तर बऱ्याच ठिकाणी ते आलं आहे. मूल पोर्टलवर अर्ज करतं, अर्ज एकामागून एक लॉगिनवर जातो, आणि विभागप्रमुखांच्या लॉगिनवर ‘पेंडिंग’ म्हणून बसतो. रांग आवारातून उठून मोबाइलवर गेली, एवढाच फरक. उलट पूर्वी मुलगा समोर येऊन उभा राहायचा तेव्हा लाजेकाजेने तरी सही व्हायची; आता तो फोन करत राहतो आणि साहेब ‘‘बघतो’’ म्हणतात. पोर्टलला एकच नियम घातला तर चित्र पालटेल: सात दिवसांत विभागाने रक्कम आणि कारण लिहून हरकत नोंदवली नाही, तर त्या विभागाची चौकट आपोआप निरंक व्हावी. गप्प बसण्याचा भुर्दंड गप्प बसणाऱ्याने सोसावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सरकारी कार्यालयांना मुदत आणि अपील या दोन गोष्टी शिकवल्या आहेत. महाविद्यालयांना त्या परक्या असायचं कारण नाही.

वेळापत्रक कसं असावं हे मी माझ्या विभागापुरतं तरी सांगू शकतो. शेवटच्या सत्राची परीक्षा सुरू होण्याच्या महिनाभर आधी ग्रंथालय, वसतिगृह आणि लेखा विभाग यांनी प्रत्येक मुलाची यादी काढावी. ग्रंथालयाला हे अवघड नाही, सॉफ्टवेअर ती दोन मिनिटांत देतं. अभ्यासासाठी पुस्तकं लागतातच, म्हणून ती त्या दिवशी परत मागू नयेत. फक्त ‘तुझ्या नावावर ही तीन पुस्तकं आहेत, एक मुदतीबाहेर आहे’ एवढं कळवावं. निम्मे घोटाळे इथेच मिटतात, कारण मुलाने परत केलेलं पुस्तक नोंदीत राहून गेल्याचं त्याला आत्ताच कळतं, जेव्हा तो कपाटापाशी जाऊन ते शोधून दाखवू शकतो. जुलैमध्ये गावाकडून फोनवर हे सिद्ध करता येत नाही. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला सगळी मुलं हमखास हजर असतात. त्या आठवड्यात एका खोलीत तिन्ही विभागांचे लोक बसले तर हरकती जागीच निकाली निघतात. शेवटच्या पेपरला पुस्तकं परत, खोली सोडताना रेक्टरसमोर यादीवर दोघांच्या सह्या आणि त्याची प्रत मुलाकडे. जे देणं उरेल ते अनामतीतून वळतं, आणि बाकीची रक्कम त्याच्या खात्यावर, अर्ज न मागता. खातेक्रमांक तर शिष्यवृत्तीच्या अर्जापासून संस्थेकडे असतोच.

अनामतीपेक्षा देणं जास्त असेल तर काय? असेल, काहींचं असेल. वसतिगृहाचं शुल्क सत्राच्या सुरुवातीला घ्यायचं असतं. एखाद्याचे तीस हजार थकले असतील तर कार्यालय दोन वर्षं झोपलं होतं असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या झोपेचं बिल निकालाच्या दिवशी फाडू नये. त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना लेखी मागणी पाठवावी, हप्ते बांधून द्यावेत, नाहीच भरले तर कुणीही देणेकऱ्यावर जी कारवाई करतो ती करावी. यात काही रक्कम बुडेल. ग्रंथपाल बाईंना मी हे कबूल केलेलं आहे. सगळ्या चारशे मुलांना गुन्हेगार समजून सह्या गोळा करायला लावण्यापेक्षा चार जणांचे पैसे बुडालेले मला परवडतात, संस्थेलाही परवडावेत.

एक प्रश्न मात्र या सगळ्यात सुटत नाही, आणि तो वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ओळखीचा आहे. विंगमधला नळ मोडतो, जिन्यातली काच फुटते, कुणी केलं ते कळत नाही, आणि वर्षाअखेरीस ‘सामूहिक दंड’ म्हणून प्रत्येकाच्या नावावर दोनशे-तीनशे रुपये पडतात. जो त्या आठवड्यात घरी होता त्याच्याही. रक्कम लहान, म्हणून कुणी भांडत नाही. पण नो ड्यूजवर रेक्टरची सही अडायला तेवढी पुरते. यादीची पद्धत आली तर या दंडाला निदान तारीख, वस्तू आणि दुरुस्तीची पावती जोडावी लागेल. जोडता आली नाही, तर तो नळ संस्थेने आपल्या पैशाने बदलावा.